एका जिल्दीत दोन इतिहासकार

माझी बायको गेली त्याच्या तिसऱ्या महिन्यात मी एक पुस्तक बांधलं, आणि त्या पुस्तकानं एका मेलेल्या इंग्रजाला मत बदलायला लावलं. नंतर कॉलेजातल्या शिकलेल्या माणसांनी त्या इंग्रजाचं कौतुक केलं, त्याच्यावर लेख छापला, सव्वीस जानेवारीला भाषण केलं. मी चौथी पास. मला वाटलं, मोठ्या माणसांचं असंच असत असेल.

खामगावात माझं जिल्दीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शाळांची रजिस्टरं, कोर्टाची दप्तरं आणि नवं कॉलेज निघाल्यापासून कॉलेजची पुस्तकं माझ्याकडं येत. कापणं, दाबणं आणि कापड चढवणं माझ्याकडं. शिवण आणि खळ तिच्याकडं. मैद्याच्या खळीत मोरचूद किती घालायचं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती गेल्यावर पहिल्या खळीला बुरशी आली तेव्हा समजलं की चाळीस वर्षं मी अर्धाच कारागीर होतो.

कॉलेजवाल्यांची एक पद्धत होती. सारख्या मापाची बारीक पुस्तकं असली की दोन-दोन एका जिल्दीत बांधायची, म्हणजे काम निम्म्यात भागतं. बायकोला हे मान्य नव्हतं. ती म्हणे, दोन परके पाहुणे एका खाटेवर निजवता तं मधात उशी तरी ठेवा. म्हणून ती दोन पुस्तकांच्या मधात एक पिवळा जाड कागद शिवायची. कोणी सांगितलं नव्हतं, पैसेही मिळत नव्हते. तिचा कायदा होता.

तेव्हा एका मेलेल्या मास्तराच्या घरून कॉलेजला दोन पेट्या पुस्तकं दान आली. इतकी खराब की आधी जिल्द करा, मग नोंद करू, असं ग्रंथपालांनी ठरवलं. त्यात दोन बारीक इंग्रजी पुस्तकं होती. दुसऱ्याचा पुठ्ठा कुजून पहिल्या पानाला चिकटला होता. ती असती तर ओलं फडकं घालून तासभर बसली असती आणि पान सोडवलं असतं. मी पुठ्ठा ओढला, पान त्याच्यासंगं गेलं, आणि मी दोन्ही चुलीत टाकलं. पिवळा कागदही घातला नाही. त्या दिवसांत मला कोणतंच काम दोनदा करायची इच्छा नव्हती. दोन्ही पुस्तकं एकापुढं एक शिवून काळं कापड चढवलं, आणि पहिल्या पुस्तकावरचं नाव अक्षरं पाहून-पाहून पाठीवर उतरवलं. ग्रंथपालांनी ते नाव पाहून कार्ड केलं. एक पुस्तक, एक लेखक, एक कार्ड. सगळं सरळ.

याला दोन वर्षं झाली.

माझ्या शेजाऱ्याची भाची अमडापूरहून कॉलेजला शिकायला आली होती. बाप भाजीपाला पिकवायचा, वांगी, मिरची, कोथिंबीर. मामाच्या घरात पोरांचा एवढा गलबला की ती पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष, खास विषय इतिहास. त्या वर्षी इतिहासवाल्यांना एक लहान प्रबंध लिहायचा होता. तो लिहून, सरांची सही घेऊन, बांधून द्यायचा, मग बाहेरगावचे परीक्षक येऊन तोंडी प्रश्न विचारणार. मामानं सांगून ठेवलं होतं: पहिला वर्ग आला तं नागपूरले एम.ए. करशील, नाही आला तं अमडापूरले परत. परत म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुणे पाहूनच ठेवले होते.

तिचा विषय वऱ्हाडातला कापूस. अमेरिकेत लढाई झाली तेव्हा तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीनं वऱ्हाडातला शेतकरी सुधारला की बुडाला, हा वाद. प्रबंधाच्या सुरुवातीला एक आढावा लिहायचा होता: याच वादावर आधी ज्यांनी लिहिलं त्यांतले तीन इतिहासकार घ्यायचे, आणि कोण काय म्हणतं ते सात-आठ पानांत मांडायचं. सर म्हणाले होते, आढावा चांगला असला तर परीक्षक पुढचं मायेनं वाचतात. मला हे पटलं. नवरी पाहायला गेलेला माणूसही आधी दारातच मत करून टाकतो.

इंग्रजी पुस्तकं. शब्दकोश मांडीवर घेऊन ती दिवसाला चार पानं वाचायची. लिहिलं की मला वाचून दाखवायची. एकदा विचारलं, मलेच काऊन. म्हणाली, काका, तुम्हाले समजलं तं समजायचं का कोणालेबी समजन. हा मान होता की अपमान ते मी ठरवलं नाही. दोन वर्षांत कोणी मला काही वाचून दाखवलं नव्हतं.

पहिला आढावा तिनं लिहिला तो असा. पहिला इतिहासकार: इंग्रज अधिकारी, नोकरीतून उतरल्यावर त्यानं लिहिलं, तो काय म्हणतो, दोन पानं. दुसरा: आपल्याच वऱ्हाडातला जुना वकील, तो काय म्हणतो, दोन पानं. तिसरा: मुंबईचा नवा प्राध्यापक, तो काय म्हणतो, दोन पानं. संपलं.

मी म्हणालो, "तू तं तीन पाहुणे तीन खोल्यात बसवले माय. भांडण कुठं हाये?"

ती रुसून गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी तेच सांगितलं, फक्त अर्धा तास लावून. की सारांश म्हणजे आढावा नव्हे. इतिहासकार एकामागून एक घ्यायचे नाहीत, प्रश्न एकामागून एक घ्यायचे. फायदा कोणाला झाला, यावर तिघं काय म्हणतात. कशाच्या आधारे म्हणतात. कोणत्या वर्षांबद्दल म्हणतात. कुठं एकमत आहे, कुठं नाही, आणि शेवटी कोणता प्रश्न तिघांनीही सोडला. हे ऐकून मला सरांबद्दल आदर वाटला. तो आदर पुढं फार दिवस टिकला नाही, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

सर पुण्याकडचे. आमच्या बोलीला हसायचे, पण मनानं वाईट नव्हते. देशप्रेमी होते. जिथं इंग्रज चुकला तिथं त्यांना फार बरं वाटायचं, आणि इंग्रज चूक कबूल करतो असं दिसलं तर त्याहून बरं.

दुसरा आढावा तिनं चांगला लिहिला. आठ दिवस खपून. वाचून दाखवायला आली तेव्हा मी एका रजिस्टरला टाके घालत होतो. तिनं प्रश्नावर प्रश्न मांडला होता. साहेबाचा आधार सरकारी: जमाबंदीचे अहवाल, रेल्वेनं कापसाच्या किती गासड्या गेल्या त्याचे आकडे. वकिलाचा आधार कोर्टाचा: जमिनी विकल्याची खरेदीखतं, कर्जाचे दावे. मुंबईवाला दोन्ही घेतो आणि म्हणतो, तालुक्या-तालुक्यानं वेगळं पाहा. वकिलाचं पुस्तक आपल्या कॉलेजात नाही, म्हणून त्याचं म्हणणं तिनं मुंबईवाल्याच्या पुस्तकातून घेतलं होतं. आणि मग आला तिच्या आढाव्यातला हिरा. हा शब्द सरांचा.

हिरा असा, की साहेबानं पुस्तकाच्या पहिल्या भागात लिहिलं, तेजीनं शेतकरी सुधारला. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात लिहिलं, नाही, शेतकऱ्याची जमीन सावकाराकडं गेली. म्हणजे म्हातारपणी साहेबाला उपरती झाली. सरांनी लाल शाईनं शेजारी लिहिलं होतं, उत्तम. लिहिणारच. आदल्या वर्षीच्या कॉलेजच्या वार्षिकात सरांनी स्वतःच याच्यावर लेख लिहिला होता, एका इंग्रजाचं हृदयपरिवर्तन म्हणून, आणि सव्वीस जानेवारीला त्याच्यावरच भाषण केलं होतं. त्यांनीच तिला ते पुस्तक दाखवलं होतं.

"गंमत म्हणजे काका," ती म्हणाली, "पहिल्या भागात तो 'आमचं सरकार' म्हणते आन् दुसऱ्या भागात 'आमचे शेतकरी' म्हणते. एवढा बदलला माणूस."

मी विचारलं, दुसऱ्या भागाच्या पानांचे आकडे कुठून सुरू होतात. म्हणाली, एकपासून. दुसऱ्या भागाचं नावाचं पान आहे का. नाही, एकदम मजकूर. मी म्हणालो, पुस्तक दाखव.

काळं कापड. पाठीवर माझ्याच हातचं वाकडं नाव.

छान लिहिलं म्हणालो आणि रजिस्टर शिवत बसलो. माझी जीभ कधी कोणासमोर अडत नाही, बायको तर म्हणायची की तुमच्या जिभेलाच टोच्याचं टोक आहे. पण त्या दिवशी अडली. ते पुस्तक मी ज्या महिन्यात बांधलं तो महिना मला उघडायचा नव्हता. एक रात्र मी असाही विचार केला की साहेब मेला, दुसरा जो कोण असेल तोही मेला, कोणाचं काय जातं. सकाळी तो विचार मलाच शिळा लागला. जाणार होतं ते त्या पोरीचं. परीक्षक नागपूरचे. नागपुरात ते दुसरं पुस्तक असणारच. त्यांनी वाचलेलं असलं तर ते म्हणणार, बाई, हे साहेबाचं नव्हे, दुसऱ्याच माणसाचं. तुम्ही पुस्तक वाचता की कापड वाचता? आणि अमडापूरची बस.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी सरळ सांगितलं. हे एक पुस्तक नाही, दोन आहेत. मी बांधली. दुसऱ्याचं पान मी जाळलं.

ती हसली. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हसणं थांबलं.

"काका, तुम्हाले समजते का तुम्ही काय म्हणून राह्यले? सरायचा लेख छापून आला ह्याच्यावर."

"छापून आलं म्हून दोनाचं एक होते का?"

"तुम्हाले इंग्रजी येते का?"

"नाही येत. म्हून तं मले दिसलं."

मी पुस्तक दाबाच्या शिकंज्यातून काढावं तसं उघडं केलं. कॉलेजचं पुस्तक आहे, फाडू नका, असं ती म्हणेपर्यंत मी पाठीचा दोरा कापला. माझाच दोरा. दोन चळती वेगळ्या झाल्या. तिला दाखवलं. पहिल्याचा कागद विलायती, उजेडात धरला की आतून रेघा दिसतात. दुसऱ्याचा कागद जाडाभरडा. अक्षराचा ठसा वेगळा. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे किडा. दुसऱ्या चळतीच्या पहिल्याच पानापासून किड्यानं भोक पाडलेलं होतं, आरपार सोळा पानं. पहिल्या चळतीच्या शेवटच्या पानावर भोक नाही. किडा हवेतून उडी मारून पान सोळापर्यंत जात नाही. किडा खात होता तेव्हा ही दोन्ही पुस्तकं एकमेकाला लागून नव्हती. किड्याला कोणाचंच हृदयपरिवर्तन ठाऊक नसतं, तो जे समोर येईल ते खातो आणि खरी साक्ष देतो.

तिनं सोळाही पानं एकेक उलटून त्या भोकावर बोट फिरवलं.

मग म्हणाली, दुसरं कोणाचं ते कसं सांगायचं? पानच नाही. तुम्ही म्हणता म्हणून सर मानणार नाहीत. हे मात्र तिचं काम होतं, माझं नाही, आणि तिनं ते केलं. जमीन सावकाराकडं गेली हे तर वकिलाचं म्हणणं, असं म्हणून तिनं मुंबईवाल्याचं पुस्तक काढलं. त्यात त्यानं जिथं-जिथं वकिलाचा हवाला दिला होता तिथं खाली बारीक अक्षरात पान लिहिलेलं. वकिलाचं म्हणणं, पान एकतीस. तिनं दुसऱ्या चळतीचं पान एकतीस उघडलं. अर्ध्या पानावर तेच वाक्य, शब्दाला शब्द. मग दुसरा हवाला, पान अठ्ठेचाळीस. तेही तसंच. तिसरा पाहिला नाही. दोन साक्षीदार बस होतात, कोर्टातही.

म्हणजे जो वकील आपल्या कॉलेजात नाही म्हणून ती मुंबईवाल्याच्या तोंडून ऐकत होती, तो दोन महिने तिच्याच मांडीवर होता. साहेबाच्या नावाखाली. आपल्या माणसानं कोर्टाची खरेदीखतं चाळून डोळे फोडले, आणि ते पुण्य साहेबाच्या नावावर जमा झालं, आणि टाळ्या वाजवल्या त्या आपल्याच लोकांनी, सव्वीस जानेवारीला.

अजून एक निघालं. ती पान एकतीस पुढं वाचत गेली आणि ओट्यावरून उठून उभीच राहिली. मुंबईवाल्यानं वकिलाचं जे वाक्य दिलं होतं की तेजीचा पैसा सावकाराच्या घरात गेला, ते तिथं संपतच नव्हतं. वकील पुढं म्हणतो की हे भाव पडल्यानंतरचं आहे; ऐन तेजीच्या वर्षांत काळ्या जमिनीच्या गावांत लोकांनी बैल घेतले, विहिरी बांधल्या, हे त्याला मान्य आहे. मुंबईवाल्यानं अर्धं वाक्य घेऊन वकिलाला साहेबाच्या अंगावर सोडला होता. आणि साहेब आणि वकील तर एकमेकांशी भांडतच नव्हते. साहेब भाव चढला तिथं थांबला, वकील भाव पडला तिथून निघाला. एक बाजारला जाताना भेटलेला आणि दुसरा येताना भेटलेला, दोघांनी एकाच माणसाचं वर्णन केलं तर सारखं कसं येईल?

ती म्हणाली, "काका, आता खरा आढावा झाला."

मी म्हणालो, लिही मग, गप्पा काऊन मारून राह्यली.

चार दिवसांत तिनं तो नव्यानं लिहिला. हिरा काढून टाकला. त्याच्या जागी तिनं लिहिलं की तिघांचा वाद दिसतो त्यापेक्षा लहान आहे. कोणाला फायदा झाला हे कोणत्या वर्षी मोजणं थांबवलं त्याच्यावर आहे. आणि तिघांनीही ज्याच्याकडं स्वतःची जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होता, त्याच्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. हा सुटलेला प्रश्न. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या आजीनं जन्मभर कापूस वेचला होता.

मग आम्ही सरांकडं गेलो. मी दोन्ही चळती फडक्यात बांधून घेतल्या. सरांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नव्हता, आणि जमा करायला पाच दिवस राहिले होते.

सरांनी आढावा वाचला. पहिल्या पानावर खूश होते. दुसऱ्या पानावर चष्मा काढला. तिनं शांतपणे सगळं सांगितलं, पान एकतीस दाखवलं, अठ्ठेचाळीस दाखवलं. सर म्हणाले की योगायोगानं दोन लेखकांची वाक्यं जुळू शकतात. ती म्हणाली, शब्दाला शब्द? सर म्हणाले, साहेबानं वकिलाचं उचललं असेल. मेलेल्या साहेबाला हृदयपरिवर्तन देता येत नाही असं दिसल्यावर त्यांनी त्याला चोर करून पाहिला. तेही जमेना, तेव्हा त्यांनी ग्रंथपालांना बोलावलं. ग्रंथपाल कार्ड घेऊन आले आणि म्हणाले, कार्डावर एकच पुस्तक आहे. कार्ड कशावरून केलं? जिल्दीवरून. जिल्द कोणी केली? मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

सर म्हणाले, "हे पाहा, एका जिल्दवाल्याच्या सांगण्यावरून इतिहास बदलत नसतो."

"जिल्दवाल्याच्या चुकीनं बदलला ना सर," मी म्हणालो, "मंग सांगण्यानं काऊन नाही बदलत?"

ग्रंथपाल खिडकीतून बाहेर काहीतरी महत्त्वाचं पाहू लागले.

सरांना आता राग आला होता. हा आढावा असाच ठेवायचा असेल तर आपण सही करणार नाही, विषयाचा गाभाच गेला, असं त्यांनी तिला बजावलं. जुना आढावा ठेवला तर आत्ता सही करतो. तिचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता ही जुना ठेवेल, आणि ठेवला तर मी तिला बोल लावणार नव्हतो. सहीच्या पलीकडं नागपूर होतं.

ती म्हणाली, "सर, परीक्षकांनी वकिलाचं पुस्तक वाचलेलं असलं तर मी काय सांगू? तुम्हीच सांगा, मी तेच सांगन."

सर आढाव्याची पानं पुन्हा चाळू लागले. हा प्रश्न एकट्या तिचा नव्हता, त्यांचाही होता. कारण त्या परीक्षकांना कॉलेजचं वार्षिक दरवर्षी टपालानं जात असे.

तेव्हा मी त्यांना वाट करून दिली. मला सरांची दया आली नव्हती, पाच दिवस राहिले होते. मी म्हणालो, सर, गडबड माही हाये. मी बांधलं तसं तुम्ही वाचलं. तुमचा काय गुन्हा? कुठंतरी लिहून टाका का जिल्दवाल्यानं घोटाळा केला.

सरांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. त्यांना ते आवडलं. तळटीप घालावी म्हणाले, पानाच्या खाली, बारीक अक्षरात, आणि मजकूर स्वतःच सांगू लागले: ग्रंथालयातील प्रत एका अशिक्षित जिल्दसाजाच्या निष्काळजीपणामुळे सदोष बांधली गेल्याने यापूर्वी काही अभ्यासकांचा गैरसमज झाला होता.

"अशिक्षित काढा," मी म्हणालो. "चौथी पास हाओ मी. निष्काळजी राहू द्या, थे खरं हाये."

ती लिहीत नव्हती. पेन टेबलावर ठेवून म्हणाली, मी असं नाही लिहिणार. प्रत बांधताना दुसऱ्या ग्रंथाचं नावाचं पान राहून गेलं, एवढं लिहीन. कोणाचा काय दोष ते आढाव्याचं काम नाही. आणि हळूच म्हणाली, त्या महिन्यात काकू गेल्या होत्या सर. सरांना कोण काकू ते समजलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पण माणूस गेलं म्हटल्यावर पुण्याचा असो की वऱ्हाडचा, जरा थांबतो. ते थांबले. 'काही अभ्यासकांचा' हे शब्दही राहू नयेत, असं तेवढं त्यांनी सुचवलं. ती हो म्हणाली. मग सही झाली. वळणदार, दोन ओळींइतकी मोठी सही.

प्रबंध मीच बांधला. तीन प्रती, तिन्हींना निळं कापड. पानं चार वेळा मोजली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी दुकान उघडलं नाही, उघडून उपयोग नव्हता, टोचा बोटात गेला असता. ती दुपारी आली. परीक्षकांनी बाकी सगळं सोडून आढावाच धरला होता. विचारलं, दुसरं पुस्तक वकिलाचं हे कशावरून ओळखलं? तिनं मुंबईवाल्याच्या तळटीपा सांगितल्या, पान एकतीस, पान अठ्ठेचाळीस, मग कागद, ठसा आणि किडा. किडा ऐकून ते खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, वार्षिकातला लेख वाचल्यापासून मलाही शंका होती. सर शेजारीच बसले होते. ती म्हणाली, सर पाणी प्यायले.

पहिला वर्ग आला. मामानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले आणि स्वतःच शिकवल्यासारखा हिंडला. ती नागपूरला गेली. सोडवलेल्या चळती कॉलेजनं माझ्याकडंच परत बांधायला पाठवल्या, आता वेगवेगळ्या. वकिलाच्या पुस्तकाला नावाचं पान तिनंच शाईनं लिहून दिलं.

पुढच्या वर्षी वार्षिकाचे अंक बांधायला आले. त्यात सरांचा नवा लेख: एका उपेक्षित वऱ्हाडी इतिहासकाराचा शोध. शोध सरांनीच लावला होता. शेवटी एका विद्यार्थिनीचे आभार होते, आणि किड्याचा उल्लेख नव्हता. मी ओळ न ओळ वाचली, कारण मराठी होतं. मग एक अंक टपालानं तिला पाठवला. मला वाटलं, ती चिडेल.

दिवाळीला ती आली तेव्हा अंक सोबत होता, पानाला खूण केलेली. चिडलेली नव्हती. म्हणाली, नाव नाही दिलं त्याचं काही नाही काका, पण हे पाहा. सरांनी वकिलाचं जे वाक्य मोठ्या अक्षरात दिलं होतं ते अर्धंच होतं. मुंबईवाल्यानं तोडलं तिथंच तुटलेलं. म्हणजे सरांनी शोध लावला, गौरव केला, आणि वकिलाचं पुस्तक अजूनही उघडलं नव्हतं. ते आमच्याच गावात, आमच्याच कॉलेजात, नव्या जिल्दीत पडून होतं.

"आता ह्याचं काय करतं?" मी विचारलं.

"एम.ए.लेबी आढावा लिहा लागते," ती म्हणाली. "ह्या खेपेले चार इतिहासकार घेतले. चौथे सर."